कोरी काचपट्टी आणि रात्रीचे रक्त

१८७२ च्या जुलै महिन्यात कलकत्त्यात टिमथी लुईस या लष्करी डॉक्टरने एका भारतीय रुग्णाच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यात त्याला जिवंत, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. अशा अळ्या त्याआधीही पाहिल्या गेल्या होत्या. १८६३ मध्ये पॅरिसच्या देमार्केला त्या अंडवृद्धीतून काढलेल्या पाण्यात, १८६६ मध्ये ब्राझीलमधल्या बाहिया शहरात वुखररला दुधाळ लघवीत आणि १८७० मध्ये खुद्द लुईसला कलकत्त्यातल्या तशाच लघवीत सापडल्या होत्या. पण माणसाच्या फिरत्या रक्तात कृमी राहतो, हे लुईसने प्रथम दाखवले. १८७६ अखेर ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे जोसेफ बँक्रॉफ्टला प्रौढ कृमी मिळाला आणि या अळ्यांची आईही सापडली. हत्तीरोगाचा इतिहास सहसा असा सांगितला जातो : कोणी काय, कुठे, कधी पाहिले. मला मात्र या इतिहासाचा खरा कणा दुसरीकडे दिसतो. अळी दिसली की तिचे चित्र काढता येते, तिला नाव देता येते. ती दिसली नाही तर त्या न दिसण्याचा अर्थ काय लावायचा, हा कितीतरी अवघड प्रश्न आहे. रात्री रक्त घेणे, जाड थेंब पसरणे, तो रंगवणे आणि अळीची जात ओळखणे या चारही गोष्टी त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी एकेक करून घडत गेल्या. कोरी काचपट्टी माणसाबद्दल फार थोडे सांगते. ती सांगते ते मुख्यतः रक्त कधी घेतले, किती घेतले आणि पुढे त्याचे काय केले याबद्दल.

लुईसच्या शोधानंतर डॉक्टरांपुढे एक कोडे उभे राहिले. पाय सुजलेल्या, लघवी दुधाळ झालेल्या कितीतरी रुग्णांच्या रक्तात काहीच सापडत नव्हते आणि धडधाकट दिसणाऱ्या एखाद्याच्या रक्तात मात्र अळ्या निघत. हे पाहून काहींनी अळ्यांचा या रोगाशी संबंध आहे की नाही याचीच शंका घेतली तर नवल नाही. रक्त तपासले जात होते ते दवाखान्याच्या वेळेत, म्हणजे उजेडी. रुग्ण सकाळी येणार, डॉक्टर खिडकीतून येणाऱ्या प्रकाशात सूक्ष्मदर्शक लावणार, हा रिवाज इतका स्वाभाविक होता की निकालावर त्याचा परिणाम होत असेल असे कोणाच्या मनातही आले नाही.

तो परिणाम उघड झाला चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमोय बंदरात, म्हणजे आजच्या शियामेनमध्ये. पॅट्रिक मॅन्सन तिथे चिनी सागरी जकात खात्याचा वैद्यकीय अधिकारी होता. १८७७ मध्ये त्याने आपल्या हिन-लो नावाच्या माळ्याला डास सोडलेल्या खोलीत झोपवले, सकाळी रक्त पिऊन फुगलेले डास गोळा केले आणि त्यांच्या शरीरात अळी वाढते हे दाखवले. हिन-लोच्या रक्तात अळ्या होत्या हे मॅन्सनला ठाऊक होते. पण मालकाला नकार देण्याची मुभा त्या नोकराला कितपत होती हे आपल्याला ठाऊक नाही, आणि या शोधाबद्दल लिहिताना ते विसरता कामा नये. पुढच्या दोन वर्षांत मॅन्सनने स्थानिक सहायकांना रक्त तपासायला शिकवले. दिवसा काम करणाऱ्याला अळ्या क्वचित सापडत आणि संध्याकाळनंतर बसणाऱ्याला पुष्कळ. हा फरक सहायकांच्या कौशल्यावर ढकलणे फार सोपे होते. मॅन्सनने तसे केले नाही. त्याने त्याच माणसांचे रक्त दिवस-रात्र ठरावीक अंतराने घेऊन मोजायला लावले. तेव्हा दिसले ते असे : सूर्यास्ताच्या सुमारास अळ्या बाहेरच्या रक्तात येऊ लागतात, मध्यरात्रीच्या आसपास त्यांची गर्दी होते, पहाटेपासून त्या ओसरतात आणि दुपारी रक्त जवळजवळ स्वच्छ असते. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

याला नशीब म्हणणारे आहेत. एक सहायक रात्री काम करत नसता तर हे कळलेच नसते, असे त्यांचे म्हणणे. नशिबाने प्रश्न दिला हे खरे. उत्तर मात्र एकाच माणसाकडून, एकाच पद्धतीने, घड्याळ लावून पुन्हा पुन्हा घेतलेल्या रक्ताने दिले. त्याआधी दोन निकालांतला फरक हा दोन तपासनिसांतला फरक समजला जाई. मॅन्सनने तो दोन वेळांतला फरक ठरवला. मॅन्सन सगळ्याच बाबतीत बरोबर नव्हता, हेही इथेच सांगायला हवे. डास एकदाच रक्त पितो, पाण्यावर जाऊन मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो, अशी त्याची समजूत होती. १९०० मध्ये जॉर्ज कारमायकेल लो याने डासाच्या सोंडेतच अळ्या दाखवल्या तेव्हा ती मोडली. वेळेबद्दलचे त्याचे निरीक्षण मात्र टिकले, कारण ते कोणीही, कुठेही पडताळून पाहू शकत होते.

पडताळणी पहिल्यांदा कसून झाली ती लंडनमध्ये. अळ्या रात्र झाली म्हणून वर येतात, की माणूस झोपला म्हणून? अंधारामुळे, की जेवणाच्या वेळेमुळे? १८८१ मध्ये स्टीफन मॅकेन्झीने भारतातून आलेल्या एका रुग्णाला दिवसा झोपायला आणि रात्री जागायला लावले. काही दिवसांत अळ्यांचे वेळापत्रकच उलटले. त्या दिवसा गर्दी करू लागल्या. पुन्हा नेहमीचा दिनक्रम सुरू केला तेव्हा त्याही परतल्या. म्हणजे अळी आकाशातल्या सूर्याला जुळवून घेत नाही. ती माणसाच्या शरीराच्या झोप-जागेला जुळवून घेते. याचा व्यवहारातला अर्थ आजही महत्त्वाचा आहे. वर्षानुवर्षे रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या पहारेकऱ्याचे रक्त रात्री दहाला घेतले आणि पट्टी कोरी निघाली, तर तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

दिवसभर त्या अळ्या जातात कुठे, याचे उत्तर मॅन्सनला इंग्लंडमध्ये परतल्यावर मिळाले. रक्तात अळ्या असल्याचे आधीच माहीत असलेल्या एका माणसाने विष घेऊन सकाळच्या वेळी आत्महत्या केली. मॅन्सनने त्याच्या अवयवांची तपासणी केली तेव्हा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत अळ्यांची दाटी होती. यकृत आणि प्लीहेत त्या अगदी थोड्या होत्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रँक हॉकिंगने याचा पुढचा धागा पकडला. रात्री रुग्णांना प्राणवायू हुंगायला दिला की बाहेरच्या रक्तातल्या अळ्या कमी होतात, हे त्याने दाखवले. फुप्फुसातल्या आणि बाहेरच्या रक्तातल्या प्राणवायूचा फरक अळीला दिवसा फुप्फुसात थांबवून धरतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पण हा नियम सार्वत्रिक नाही. दक्षिण प्रशांत महासागरातल्या फिजी आणि आसपासच्या बेटांवर याच जातीच्या अळ्या दिवसाही रक्तात मुबलक असतात, आणि तिथला वाहक डासही दिवसा चावणारा आहे. रात्री रक्त पिणारा क्युलेक्स जिथे रोग पसरवतो तिथे अळी रात्री येते. दिवसा चावणारा डास असेल तिथे ती दिवसाही येते. त्यामुळे ‘रात्री दहा ते दोन’ ही वेळ जगाची नाही, आपल्या प्रदेशातल्या अळीची आहे. विदर्भातल्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या भागांत ती तंतोतंत लागू पडते. देशातली सर्वेक्षण पथके रात्री आठ-साडेआठपासून बारापर्यंत घरोघर जातात, ही अळीची वेळ आणि लोकांची जाग यांतली तडजोड आहे. आठ वाजता घेतलेला थेंब आणि साडेअकराचा थेंब सारखे बोलत नाहीत, हे ध्यानात ठेवूनच त्यांची बेरीज करायला हवी.

वेळेनंतर येते रक्ताचे माप. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रमाने बोटातून २० घन मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रोलिटर रक्त घेण्याची पद्धत रुळवली. हजारो माणसे तपासायची तर एवढेच जमते. पण या मापाचा अर्थ हिशेबाने पाहू. समजा एका माणसाच्या रक्तात मध्यरात्री दर मिलिलिटरला १०० अळ्या आहेत. २० मायक्रोलिटरमध्ये सरासरी दोन येतील. अळ्या रक्तात विखुरलेल्या असतात, मोजून वाटलेल्या नसतात. म्हणून सरासरी दोन असली तरी सुमारे १४ टक्के वेळा पट्टीवर एकही येणार नाही. आता त्याच माणसाचे रक्त दुपारी घेतले आणि अळ्या पन्नासपटीने कमी झाल्या असे धरले, तर मिलिलिटरला दोन उरतात, पट्टीवर सरासरी ०.०४, आणि १०० पैकी ९६ वेळा पट्टी कोरी. हा माणूस गावात डासांना अळ्या पुरवत राहणार आणि वहीत त्याच्या नावापुढे ‘निरोगी’ लिहिले जाणार. समजा उपचारांनंतर कोणाच्या रक्तात रात्रीही मिलिलिटरला दहाच अळ्या उरल्या, तर २० मायक्रोलिटरची पट्टी १०० पैकी ८२ वेळा कोरी निघेल, ६० मायक्रोलिटरची ५५ वेळा. शिरेतून पूर्ण एक मिलिलिटर रक्त घेऊन ते फॉर्मॅलिनमध्ये मिसळून तळाशी बसवले किंवा बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळले, तर अळी जवळजवळ कधीच सुटणार नाही. म्हणून रोग ओसरत चाललेल्या गावात जुन्याच मापाने तपासत राहिले तर तो संपण्याआधीच संपल्यासारखा दिसतो.

याच टप्प्यावर जाड थेंबाची गरज समजते. पातळ फिल्ममध्ये रक्ताचा एक पदर असतो. अळीसाठी ती फारच अपुरी. जाड थेंबात मात्र लाल पेशी एकमेकींवर इतक्या दाटतात की आरपार काही दिसत नाही. १९०३ मध्ये रोनाल्ड रॉसने मलेरियासाठी यावर उपाय सुचवला : थेंब स्थिर न करता वाळवायचा आणि मग पाण्यात धरून त्यातला लाल रंगच धुवून काढायचा. लाल पेशी फुटून जातात, परजीवी पट्टीवर चिकटून राहतात. हत्तीरोगाच्या तपासणीने हीच युक्ती उचलली. बोट स्पिरिटने पुसून ते पूर्ण सुकू द्यायचे, लॅन्सेट टोचायचे, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि त्यानंतरचे रक्त मापाच्या नळीत घ्यायचे. ते पट्टीवर लांबट पसरायचे, पण फार जाड नाही. नाहीतर धुताना पापुद्र्यासारखे सुटून येते. पट्टी आडवी ठेवून रात्रभर सुकवायची आणि झाकायची, कारण मुंग्या, माश्या आणि झुरळे ओल्या रक्तावर तुटून पडतात आणि सकाळी पट्टीवर फक्त खुणा उरतात. दुसऱ्या दिवशी ती साध्या पाण्यात बुडवायची. काही मिनिटांत लाली पाण्यात उतरते आणि पट्टीवर फिकट पांढुरका थर राहतो. मग ती वाळवून मिथेनॉलने स्थिर करायची आणि गिम्साच्या सौम्य द्रावणात, पाण्याचा सामू ७.२ च्या आसपास ठेवून, पाऊण तास ते तासभर ठेवायची. मलेरिया संस्थेत जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी १९४४ मध्ये तयार केलेले रंगद्रव्य, जे प्रयोगशाळांत ‘जेएसबी’ म्हणून ओळखले जाते, भारतात पुष्कळ वापरले गेले. ते लवकर रंगवते, ही त्याची मोठी सोय.

इथे चुका घडतात त्या बहुधा लाली उतरण्याआधीच. मिथेनॉल आधी लागले, पट्टी उन्हात किंवा आचेवर सुकवली, किंवा कडक उन्हाळ्यात ती चार-पाच दिवस न धुता पडून राहिली, तर लाल रंग आतच पक्का होतो. मग कितीही धुतले तरी पट्टी तांबडीच राहते आणि तपासणारा तिच्यात शोधत बसतो. अशा पट्टीवर ‘अळी नाही’ लिहिणे चूक आहे; तिच्यावर ‘तपासण्यायोग्य नाही’ एवढेच लिहिता येते. कापसाचा तंतू किंवा बुरशीचा धागा अळीसारखा वळलेला दिसू शकतो. पण त्यात केंद्रकांची रांग नसते. जांभळ्या ठिपक्यांची सलग ओळ दिसल्याशिवाय अळी म्हणायचे नाही, हा साधा नियम बहुतेक फसवणूक टाळतो.

रंगवलेली अळी कोणती, हा प्रश्नही मॅन्सननेच उभा केला. १८९१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांचे रक्त तपासताना त्याला दिवसा येणारी एक आणि रात्रंदिवस राहणारी, आवरण नसलेली दुसरी अळी आढळली. आज पहिली लोआ लोआ आणि दुसरी मॅन्सोनेला पर्स्टन्स म्हणून ओळखली जाते. म्हणजे वेळ हा आता जात ओळखण्याचाही पुरावा झाला. पण फक्त वेळेवर विसंबता येत नाही हे १९२७ मध्ये कळले. सुमात्राच्या आचे भागात लिख्टेनश्टाइन या डॉक्टरला जाणवले की तिथले रुग्ण इतर ठिकाणच्या रुग्णांसारखे नाहीत. त्यांच्या गुडघ्याखालचे पाय सुजतात, पण अंडवृद्धी आणि दुधाळ लघवी जवळपास दिसत नाही. त्यांचे रक्त पाहणाऱ्या ब्रुगच्या नजरेला वेगळी अळी पडली. तीही रात्रीच येत होती. काचपट्टीवर ती कितीतरी वर्षे लोकांसमोर असणार, पण सर्वजण तिला बँक्रॉफ्टची अळी, म्हणजे वुखेरेरिया, समजत होते. भारतात ओरिसातल्या बालासोर भागात आणि त्रावणकोरमध्येही हीच निघाली, आणि तिचा प्रौढ कृमी १९४० मध्ये कलकत्त्याच्या सुंदर राव आणि मॅपलस्टोन यांना मिळाला. आजचे तिचे नाव ब्रुगिया मलायी.

या दोघींना वेगळे करायला तैलभिंगाखाली तीन जागा पाहायच्या. डोक्याच्या टोकाला केंद्रके नसलेला एक रिकामा भाग असतो; वुखेरेरियात तो जितका रुंद तितकाच लांब, ब्रुगियात रुंदीच्या दुप्पट लांब. मधल्या शरीरात वुखेरेरियाची केंद्रके सुटी, जवळपास मोजता येतील अशी असतात. ब्रुगियाची एकमेकांवर चढलेली, धूसर. शेपटीचे टोक सर्वांत निर्णायक : वुखेरेरियाच्या निमुळत्या टोकात केंद्रक नसते, ब्रुगियाच्या शेपटीत एक अगदी टोकाशी आणि एक त्याच्या थोडे अलीकडे, अशी दोन वेगळी केंद्रके असतात आणि तिथे शेपूट जराशी फुगलेली दिसते. गिम्साने ब्रुगियाचे आवरण गडद गुलाबी रंगते, वुखेरेरियाचे जेमतेम दिसते. शरीराची वळणे वुखेरेरियात सलग आणि मोकळी, ब्रुगियात आखूड, दुमडल्यासारखी. पण वळण आणि लांबी पट्टी किती वेगाने सुकली यावरही अवलंबून असतात, आणि सावकाश सुकलेल्या पट्टीत अळी आवरण सोडूनही बाहेर पडते. म्हणून आवरण दिसले नाही एवढ्यावर आफ्रिकेतली जात ठरवू नये. शेपूट पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये. चुरगळलेली किंवा शेपूट न दिसणारी अळी असेल तर दुसरी शोधावी.

एवढ्या बारकाव्याने काय साधते, असे विचारता येईल. औषध तर दोन्हींना एकच, १९४७ पासून उपलब्ध असलेले डायइथाइलकार्बामाझिन. रुग्णाच्या गोळीपुरता हा आक्षेप खरा आहे. गावापुरता तो खोटा ठरतो. वुखेरेरियाचा डास गटारात आणि संडासाच्या टाक्यांत वाढतो. ब्रुगियाच्या मॅन्सोनिया डासाची अळी तळ्यात तरंगणाऱ्या, पालेभाजीच्या गड्ड्यासारख्या दिसणाऱ्या पिस्टिया वनस्पतीच्या मुळांना चिकटून श्वास घेते. त्रावणकोरमध्ये एम. ओ. टी. अय्यंगार यांनी चेरथलाच्या परिसरात हे उलगडून दाखवले. तिथे उपाय होता तळ्यांतली पिस्टिया उपटून काढण्याचा. शेपटीच्या टोकातली दोन केंद्रके नीट पाहिली नाहीत तर गावाची गटारे कितीही साफ केली तरी रोग तळ्यातून येत राहतो.

आज सर्वांत जोरकस आक्षेप वेगळा आहे. प्रौढ वुखेरेरियाचे प्रतिजन दिवसाच्या रक्तात दाखवणारे कार्ड उपलब्ध असताना रात्री लोकांना उठवून बोट टोचायचेच कशाला? सर्वेक्षणाचा वेग आणि रात्रीचे कष्ट पाहता कार्डाचा फायदा मला मान्यच आहे. पण कार्ड दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. ते ब्रुगिया ओळखत नाही, म्हणून केरळातल्या तशा भागांत ते गप्प बसते. औषधाने अळ्या गेल्या तरी प्रतिजन महिनोन्‌महिने रक्तात राहू शकते, म्हणून ‘या माणसाकडून आज डासाला लागण होते का?’ हे ते सांगू शकत नाही. डायइथाइलकार्बामाझिनची एक मात्रा देऊन दिवसाच अळ्या बाहेर काढण्याचीही पद्धत आहे. पण तिने मिळणाऱ्या अळ्या रात्रीच्या मानाने कमी असतात, आणि जिथे लोआ लोआ किंवा ऑन्कोसर्का आहे तिथे ती मात्रा रुग्णाला गंभीर इजा करू शकते. पाय कायमचा सुजलेल्या जुन्या रुग्णाची पट्टी तर रात्रीही बहुधा कोरीच असते, कारण त्याच्यातले प्रौढ कृमी बरेचदा केव्हाच मेलेले असतात. त्याच्या बाबतीत कोरी पट्टी खरी असते आणि तरीही रोग नसल्याचा पुरावा नसते.

म्हणून रात्रीच्या तपासणीच्या वहीत ‘निकाल’ या एका रकान्याने भागत नाही. रक्त किती वाजता घेतले, किती मायक्रोलिटर घेतले, पट्टी धुतली तेव्हा लाली पूर्ण उतरली का, आणि माणूस दिवसा झोपणारा आहे का, हे चार तपशील शेजारी असले तरच ‘अळी दिसली नाही’ या नोंदीचे वजन ठरवता येते. आमोयमध्ये मॅन्सनने पहिला तपशील पाहिला, म्हणून त्याला सहायकांच्या आकड्यांतला फरक समजला.